उणे एकभोवतीचे वेढे

सभागृहात माइक लाऊडस्पीकरच्या फार जवळ नेला की कर्कश शिट्टी सुरू होते. कोणी बोललेले नसते, तरी आवाज चढत जातो. माइकने पकडलेला बारीकसा आवाज ॲम्प्लिफायर मोठा करतो, स्पीकर तो हवेत सोडतो, तो पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि पुन्हा मोठा होतो. बाहेर पडलेल्या गोष्टीचा काही भाग असा आत परत येतो, त्याला फीडबॅक म्हणतात आणि त्या बंद वाटेला लूप. माइकच्या बाबतीत फीडबॅक नको असतो. पण भट्टीचे तापमान राखणारा नियंत्रक, विमानाचा ऑटोपायलट किंवा टेलिफोनच्या तारेवरचा ॲम्प्लिफायर यांत तो मुद्दाम जोडलेला असतो, कारण चूक मोजून ती दुरुस्त करण्याचा तोच मार्ग आहे. अशा यंत्रणेत लूप जोडण्याआधीच कळायला हवे असते, की जोडल्यावर ती शांत राहील की माइकसारखी शिट्टी मारत सुटेल.

याचे भरवशाचे उत्तर हॅरी नायक्विस्ट यांनी जानेवारी १९३२ मध्ये ‘बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल’मध्ये छापलेल्या लेखात दिले. नायक्विस्ट मूळचे स्वीडनचे. १९०७ साली ते अमेरिकेत गेले आणि १९१७ मध्ये येल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन टेलिफोन कंपनीत रुजू झाले. त्यांच्यापुढचा प्रश्न त्याच कंपनीच्या कामातून आला होता. लांब पल्ल्याच्या तारेवर संदेश क्षीण होतो, म्हणून वाटेत जागोजागी ॲम्प्लिफायर बसवावे लागत आणि प्रत्येक ॲम्प्लिफायर संदेशात थोडी विकृती मिसळत असे. २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना, हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत हेरॉल्ड ब्लॅक यांना त्यावर उपाय सुचला. ॲम्प्लिफायरचे वर्धन गरजेपेक्षा पुष्कळ जास्त ठेवायचे आणि त्याच्या उत्पादनाचा काही भाग चिन्ह उलटवून आत परत द्यायचा. वर्धन कमी होते, पण विकृती त्याच प्रमाणात घटते. ही कल्पना त्यांनी हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच टिपून ठेवली. अडचण एवढीच होती, की असे ॲम्प्लिफायर कधी शांत राहत आणि कधी आपणहून आंदोलत. ब्लॅक यांनी पेटंटसाठी १९२८ मध्ये अर्ज केला आणि ते मिळायला १९३७ उजाडले.

आंदोलन कधी सुरू होते, याचे तेव्हाचे उत्तर साधे आणि पटण्यासारखे होते. लूप एका जागी तोडायचा. तोडलेल्या एका टोकाला ठरावीक वारंवारतेची साइन लहर द्यायची आणि दुसऱ्या टोकाला काय बाहेर येते ते मोजायचे. दोन आकडे मिळतात. पहिला म्हणजे लहर किती पट झाली, तिचा गेन. दुसरा म्हणजे ती किती मागे पडली, तिची फेज. हाच उघड्या लूपचा वारंवारता-प्रतिसाद. ऋण फीडबॅकमध्ये चिन्ह आधीच एकदा उलटवलेले असते. वाटेत लहर आणखी १८० अंश मागे पडली, तर दोन उलट मिळून सुलट होते आणि परत येणारी लहर मूळ लहरीला विरोध न करता तिच्यात भर घालते. अशा वारंवारतेवर गेन एकपेक्षा जास्त असेल, तर प्रत्येक फेरीत लहर मोठी होणार आणि यंत्रणा हाताबाहेर जाणार, असा तो नियम. तो बहुतेक वेळा बरोबर ठरतो. पण काही ॲम्प्लिफायर असे निघाले, की त्यांच्या लूपमध्ये नेमक्या त्या फेजवर गेन एकपेक्षा पुष्कळ जास्त होता आणि तरी ते निवांत चालत होते. नियमात काहीतरी सुटत होते.

सुटत होते ते असे. ‘एक फेरी, मग दुसरी फेरी’ हे चित्र फसवे आहे. गेन आणि फेज हे आकडे अनंत काळ चालू असलेल्या, न वाढणाऱ्या व न घटणाऱ्या लहरीसाठी मोजलेले असतात. लूप जोडला त्या क्षणी अशी लहर अस्तित्वातच नसते. जे काही असते ते वाढत किंवा विझत असते, आणि वाढणाऱ्या लहरीला लूप वेगळा गेन व वेगळी फेज देतो. म्हणून एका वारंवारतेवरचा आकडा पाहून निकाल लागत नाही. सगळ्या वारंवारतांचे आकडे मिळून जे चित्र बनते, ते पाहावे लागते.

ते चित्र काढणे सोपे आहे. कागदावर आडवा आणि उभा अक्ष काढायचा. प्रत्येक वारंवारतेसाठी आरंभबिंदूपासून गेनएवढ्या अंतरावर आणि फेजएवढ्या कोनात एक ठिपका द्यायचा. फेज मागे पडली की कोन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घ्यायचा. शून्य वारंवारतेपासून अतिशय मोठ्या वारंवारतेपर्यंतचे ठिपके जोडले की एक वक्र तयार होतो. त्याचे आडव्या अक्षातले प्रतिबिंब काढले की ऋण वारंवारतांचा भाग मिळतो आणि वक्र बंद होतो. हा नायक्विस्ट वक्र. गेन बरोबर १ आणि फेज बरोबर १८० अंश मागे, ही धोक्याची स्थिती म्हणजे आडव्या अक्षावर डावीकडे एक एकक अंतरावरचा बिंदू, म्हणजेच −१. नायक्विस्ट यांच्या मूळ लेखात चिन्हाचा संकेत निराळा असल्याने हा बिंदू +१ आहे. आज सगळीकडे −१ वापरतात. प्रश्न आता भूमितीचा झाला: बंद वक्र −१ ला किती वेढे घालतो?

वेढ्यांचा आणि अस्थिरतेचा संबंध काय, हे समजायला दुसरा एक नकाशा लागतो. कोणत्याही रेषीय यंत्रणेच्या अंगच्या काही हालचाली असतात. धक्का देऊन सोडून दिल्यावर ती ज्या पद्धतीने हलते, त्या या हालचाली. प्रत्येक हालचालीला दोन आकडे असतात: ती किती वेगाने वाढते किंवा विझते, आणि किती वेगाने आंदोलते. पहिला आकडा आडवा आणि दुसरा उभा मांडला, की प्रत्येक हालचाल नकाशावरचा एक बिंदू होते. डाव्या अर्ध्या भागात विझणाऱ्या हालचाली, उजव्या भागात वाढणाऱ्या. बंद लूपचा एक जरी बिंदू उजवीकडे असला, तर यंत्रणा अस्थिर. दोन भागांची सीमा म्हणजे मधला उभा अक्ष. तिथल्या हालचाली वाढत नाहीत आणि विझतही नाहीत. म्हणजे त्या प्रयोगशाळेत वापरतात त्या साइन लहरीच होत. उघड्या लूपचे मोजमाप म्हणजे या सीमेवरून चालत जाणे. आत शिरायला मिळत नाही, पण कुंपणाभोवती चालून आत काय आहे ते मोजता येते.

ते कसे, हे मोकळ्या मैदानात उभ्या केलेल्या खांबांवरून कळते. एक माणूस मैदानाच्या कडेने प्रदक्षिणा घालतो आणि चालताना आतल्या एका खांबाकडे सतत हात रोखून धरतो. प्रदक्षिणा पूर्ण होईपर्यंत त्याचा हात पूर्ण एक वळण घेतो. खांब मैदानाबाहेर असेल, तर हात थोडा इकडे, थोडा तिकडे फिरतो आणि शेवटी मूळ दिशेला येतो. एकूण वळण शून्य. उभ्या अक्षावरून वर जाऊन, फार मोठ्या अर्धवर्तुळाने उजवीकडून खाली यावे, तर सगळा उजवा भाग उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा होते. उघड्या लूपच्या प्रतिसादाला L म्हटले, तर बंद लूपच्या हालचाली जिथे 1 + L शून्य होते तिथे असतात, आणि उघड्या लूपच्या हालचाली जिथे ते अनंत होते तिथे. 1 + L चा कोन म्हणजे पहिल्या बिंदूंच्या कोनांची बेरीज वजा दुसऱ्या बिंदूंच्या कोनांची बेरीज. म्हणून पूर्ण प्रदक्षिणेत हा कोन नक्त किती वळणे घेतो हे मोजले, की उजवीकडचे बंद लूपचे बिंदू वजा उजवीकडचे उघड्या लूपचे बिंदू एवढी संख्या मिळते. हा फ्रेंच गणिती कोशी यांचा सिद्धांत. आणि 1 + L म्हणजे −१ पासून L पर्यंत काढलेला बाण. त्यामुळे −१ वर उभे राहून वक्राकडे बोट दाखवायचे, वक्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याचा पाठलाग करायचा आणि बोटाने किती वळणे घेतली ते मोजायचे.

```
Z = N + P
```

इथे N म्हणजे प्रदक्षिणेच्या दिशेने पडलेले वेढे. उलट्या दिशेचा वेढा उणा धरायचा. P म्हणजे उघड्या लूपच्या वाढणाऱ्या हालचालींची संख्या, आणि Z म्हणजे बंद लूपच्या वाढणाऱ्या हालचालींची. Z शून्य आले तरच यंत्रणा स्थिर.

सर्वांत साधे उदाहरण तीन एकसारख्या संथ टप्प्यांचे आहे. प्रत्येक टप्प्याचा कालांक एक सेकंद आणि एकूण गेन K:

```
L(s) = K / (s + 1)^3
```

उघडा लूप स्वतः शांत आहे, त्यामुळे P शून्य. K ची किंमत ४ ठेवून मोजायला सुरुवात केली, तर शून्य वारंवारतेला गेन ४ आणि फेज शून्य. ठिपका उजवीकडे +४ वर. सेकंदाला १ रेडियन या वारंवारतेवर गेन १.४१ आणि फेज १३५ अंश मागे. १.७३ वर प्रत्येक टप्पा ६० अंश मागे पडतो, म्हणून एकूण १८० अंश. तिथे गेन ०.५. त्यापुढे वक्र लहान होत वरच्या बाजूने आरंभबिंदूत विरतो. −१ वर उभे राहून पाहिले, तर बोट आधी उजवीकडे, मग खाली वळते आणि पुन्हा उजवीकडे येते, कारण वक्राने डावा अक्ष −०.५ वर, म्हणजे −१ च्या अलीकडेच ओलांडला. वेढा नाही. बंद लूप स्थिर.

K आता १६ केले, की वक्राचा आकार तोच राहतो, फक्त तो चौपट मोठा होतो. डावा अक्ष आता −२ वर ओलांडला जातो. −१ वरून पाहताना बोट उजवीकडून खाली, खालून डावीकडे, डावीकडून वर आणि परत उजवीकडे येते; एक पूर्ण प्रदक्षिणा. प्रतिबिंबाची आणखी एक. N दोन, म्हणून Z दोन. हे समीकरण सोडवून ताडून पाहता येते. बंद लूपचे तीन बिंदू येतात, त्यातले दोन 0.26 ± 2.18j, म्हणजे उजव्या भागात. आंदोलन सुमारे २.९ सेकंदांत एक हेलकावा पूर्ण करते आणि दर हेलकाव्यात दुपटीहून किंचित अधिक मोठे होते. K बरोबर ८ असताना वक्र −१ मधूनच जातो; लहर मग विझत नाही आणि वाढतही नाही.

इथवर जुना नियमही हेच सांगतो. त्याची चूक उघडी पडते ती पुढच्या लूपमध्ये:

```
L(s) = K (s + 1)^2 / (s + 0.1)^3
```

हाही उघडा असताना शांत आहे. K एक असताना वक्र +१००० वर सुरू होतो आणि वारंवारतेबरोबर फेज झपाट्याने मागे पडते. ०.२८ रेडियनच्या आसपास ती १८० अंश ओलांडते, तेव्हा गेन आहे ४०. वरच्या गुणकाचा परिणाम जाणवू लागला की फेज सावरते आणि ०.५९ च्या आसपास वक्र डावा अक्ष परतीच्या दिशेने पुन्हा ओलांडतो. तिथे गेन ६.२५. दोन वारंवारता अशा, की लहर सुलट होऊन परत येते आणि ती अनुक्रमे ४० पट व ६.२५ पट होऊन येते. जुन्या नियमाने हा लूप दोनदा अस्थिर ठरतो. −१ वर उभे राहून पाहिले, तर बोट डावीकडे वळून थोडे वर जाते, पण त्याच वाटेने मागे फिरते आणि खालून उजवीकडे येते. एक ओलांडणी वर जाणारी, दुसरी खाली येणारी. दोन्ही −१ च्या डाव्या बाजूला. त्या एकमेकींना रद्द करतात. नक्त वेढे शून्य, आणि लूप खरोखरच स्थिर आहे.

आता गेन कमी करावा. सुरक्षिततेसाठी सगळेच जण करतात ते हेच. K ०.१ केले, की दोन्ही ओलांडण्या दहापट आत सरकतात: एक −४ वर, दुसरी −०.६२५ वर. −१ आता त्यांच्या मध्ये अडकला. बाहेरची ओलांडणी वेढा घालते आणि तो सोडवणारी ओलांडणी −१ च्या उजवीकडे गेली आहे. प्रतिबिंबासह वेढे दोन, आणि लूप आंदोलू लागतो. हिशेब पूर्ण केला तर हा लूप K ०.०२५ पेक्षा कमी असताना स्थिर, ०.०२५ ते ०.१६ मध्ये अस्थिर आणि ०.१६ च्या वर पुन्हा स्थिर येतो. याला सशर्त स्थैर्य म्हणतात. १९३४ साली बेल प्रयोगशाळांतल्या पीटरसन, क्रीअर आणि वेअर यांनी प्रत्यक्ष ॲम्प्लिफायरवर हे तपासले आणि निकाल नायक्विस्ट यांच्या बाजूने लागला.

सशर्त स्थैर्य ही नुसती गणिताची गंमत नाही. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर चालू केल्यावर त्याचा गेन शून्यापासून हळूहळू चढतो आणि चढताना अस्थिर पट्ट्यातूनच जातो. त्या अवधीत आंदोलन रुजले आणि इतके वाढले की व्हॉल्व्ह आपल्या मर्यादेला भिडला, तर मोठ्या लहरीसाठी त्याचा परिणामी गेन घटतो आणि यंत्रणा त्या पट्ट्यातच अडकून राहू शकते. कागदावर स्थिर असलेले मंडल मग प्रत्यक्षात ओरडत बसते. म्हणून अनुभवी अभियंता असा लूप शक्यतो टाळतो, किंवा तो चालू होताना आणि मर्यादेला भिडताना काय होईल याचा वेगळा विचार करतो.

उघडा लूप स्वतःच अस्थिर असेल, तर वेढा टाळायचा नसतो, तो पडावाच लागतो. तळहातावर उभी धरलेली काठी हे त्याचे ओळखीचे रूप आहे. हात हलला नाही तर ती पडतेच. त्याचे सर्वांत साधे गणिती रूप असे:

```
L(s) = K / (s - 1)
```

इथे P एक आहे. याचा वक्र म्हणजे आरंभबिंदू आणि −K यांतून जाणारे वर्तुळ, आणि त्याची दिशा प्रदक्षिणेच्या उलट असते. K ची किंमत २ असेल तर −१ वर्तुळाच्या आत येतो. उलटा वेढा एक, म्हणून Z शून्य. हात पुरेसा जोरात सावरतो आहे. K ०.५ असेल तर −१ वर्तुळाबाहेर राहतो, वेढा पडत नाही, आणि Z एक. सावरण्याचा जोर कमी पडला. ‘वेढा नाही म्हणजे सुरक्षित’ असे पाठ केलेला विद्यार्थी नेमका इथे फसतो. P माहीत नसेल तर वेढे मोजून काहीच सिद्ध होत नाही.

हो किंवा नाही याच्या पलीकडे वक्र आणखी एक गोष्ट सांगतो: धोका किती जवळ आहे. पहिल्या उदाहरणात K ४ असताना ओलांडणी −०.५ वर होती, म्हणजे गेन दुप्पट होईपर्यंत वाव आहे. गेन बरोबर १ होतो त्या वारंवारतेवर, १.२३ वर, फेज १५३ अंश मागे आहे, म्हणजे आणखी २७ अंशांची सवड. यातून विलंबाचा हिशेब थेट निघतो. संगणकाला गणित करायला किंवा संदेशाला तारेतून जायला लागणारा वेळ गेन बदलत नाही. तो वक्राचा प्रत्येक ठिपका प्रदक्षिणेच्या दिशेने फिरवतो, आणि वारंवारता जितकी जास्त तितका अधिक. २७ अंशांची सवड १.२३ रेडियनच्या वेगाने संपवायला सुमारे ०.३८ सेकंद लागतात. लूपमध्ये यापेक्षा जास्त विलंब शिरला, की तोच शांत लूप वेढ्यात सापडतो. समीकरणाच्या मार्गाने विलंब हाताळणे किचकट असते. वक्रावर तो निव्वळ फिरवणे आहे. मात्र गेनची सवड आणि फेजची सवड या दोन्ही वेगवेगळ्या तपासून समाधान मानू नये. दोन्ही भरपूर असूनही मधल्या कुठल्यातरी वारंवारतेवर वक्र −१ च्या अगदी जवळून जाऊ शकतो. −१ पासून वक्राचे सर्वांत कमी अंतर किती, हा आकडा अधिक प्रामाणिक आहे.

मोजमापातही खाचखळगे आहेत. काठीसारखा लूप उघडा ठेवून मोजताच येत नाही; ती पडून जाते. मग लूप बंद आणि स्थिर ठेवून त्यात एका जागी बारीकशी लहर टोचतात, त्या जागेच्या दोन्ही बाजूंचे सिग्नल मोजतात आणि त्यांच्या गुणोत्तरातून L काढतात. लहर इतकी लहान हवी, की यंत्रणा कुठेही मर्यादेला भिडणार नाही, आणि इतकी मोठी हवी, की ती गोंगाटात हरवणार नाही. मोजणी फार लवकर थांबवली, तर उच्च वारंवारतेवरचा एखादा यांत्रिक अनुनाद निसटतो. तिथे वक्र अचानक एक मोठा फेरा मारून −१ ला कवेत घेऊ शकतो. ठिपके विरळ असले तर तो फेरा दोन ठिपक्यांमध्येच लपून राहतो. म्हणून गेन जिथे उसळी घेतो तिथे ठिपके दाट घेतात.

एक दोष मात्र कितीही काळजीपूर्वक मोजले तरी सापडत नाही. यंत्रात वाढणारी हालचाल 1/(s − 1) अशी आहे आणि नियंत्रकात नेमका तिला छेदणारा (s − 1) हा गुणक टाकला आहे, असे समजू. गुणाकारात दोघे एकमेकांना खातात. वक्रात त्यांचा मागमूस उरत नाही, वेढे शून्य दिसतात, आणि आत ती हालचाल वाढतच असते, कारण लूपला ती दिसतच नाही, मग तो ती सावरणार कशी? P मोजताना यंत्र आणि नियंत्रक यांच्या वाढणाऱ्या हालचाली गुणाकार करण्याआधीच, वेगवेगळ्या मोजायच्या असतात. तसे केले तर P एक येते, वेढे शून्य, आणि Z एक. सूत्र मग बरोबर धोका दाखवते.